३ किलोवॅट सोलरचं कोटेशन आलंय, दोन वेंडर, दोघांचे आकडे जुळत नाहीत. कुणी वाचून सांगेल का?

मये_तळें
नमस्कार मंडळी. आमचं घर डिचोली तालुक्यात, वर स्लॅब आहे, दक्षिणेला मोकळं. पीएम सूर्यघर योजनेतून छतावर सोलर घालायचा विचार पक्का झालाय. दोन वेंडरांकडून कोटेशनं मागवली आणि आता डोक्याचा भुगा झालाय, कारण दोघंही म्हणतात "३ किलोवॅट" आणि किमतीत जवळजवळ तीस हजारांचा फरक. नावं टाकत नाही, जे लिहिलंय ते तसंच उतरवतो.

पहिलं कोटेशन (याला अ म्हणू): ३ किलोवॅट ऑनग्रिड सिस्टीम. पॅनेल ५४० वॅट मोनो पर्क, एएलएमएम ॲप्रूव्हड, ५ नग. इन्व्हर्टर ३ किलोवॅट. जीआय स्ट्रक्चर. २५ वर्षं वॉरंटी. १ वर्ष फ्री सर्व्हिस. किंमत १,७२,००० जीएसटी १३.८ टक्के धरून. सबसिडी वजा ७८,०००. तुम्हाला पडणार ९४,०००. खाली बारीक अक्षरात, नेट मीटर आणि खात्याचे चार्जेस ॲज पर ॲक्च्युअल. आणि एक वेगळा कागद, त्यात महिन्याला ३१० युनिट गुणिले ८ रुपये, म्हणजे २,४८० ची बचत, तीन वर्षांत पैसे वसूल.

दुसरं (ब): ३.२४ किलोवॅट डीसी, ३ किलोवॅट एसी. पॅनेल ५४० वॅट डीसीआर, ६ नग. पॅनेल प्रॉडक्ट वॉरंटी १२ वर्षं, परफॉर्मन्स २५ वर्षं. इन्व्हर्टर ८ वर्षं. हॉट डिप स्ट्रक्चर, नटबोल्टचं. ५ वर्षं मेंटेनन्स. नेट मीटरचं सगळं धरून २,०१,०००, जीएसटी ८.९ टक्क्यांनी. सबसिडी ७८,००० ग्राहकाच्या खात्यात परस्पर येईल असं लिहिलंय, वजा करून दाखवलेली नाही.

आमचा वापर वर्षाची सरासरी काढली तर महिन्याला २८० युनिट. मे मध्ये ४०० च्या वर जातो, पावसात दोनशेच्या आसपास. बिल सगळं धरून सरासरी हजार-अकराशे येतं. घरातले म्हणतायत अ घ्या, स्वस्त आहे. तुम्ही काय म्हणता?

फोंड्याचो_प्रसाद
स्वस्त दिसतंय ते घ्या हो. पॅनेल दोन्हीकडे ५४० चंच आहे ना. आणि एएलएमएम म्हणजे सरकारी यादीतलं पॅनेल, म्हणजे भारतीय, म्हणजे सबसिडीला चालतं. आमच्या शेजाऱ्यांनी पण एएलएमएमच घातलंय, सबसिडी आली त्यांना.

जोशीबुवा
आम्ही २०१४ ला घातलं. अजून पाणी कडकडीत येतं, फक्त पावसाळ्यात गीझर लावावा लागतो. दर दोन वर्षांनी नळ्यांतला क्षार काढून घ्या म्हणजे झालं.

अनघा_म
बुवा तो पाण्याचा सोलर 😄 हे विजेचं विचारतायत.

तारमास्तर
मये_तळें, तुम्ही ओळ न् ओळ उतरवलीत ते फार बरं केलंत. मी या धंद्यात बरीच वर्षं आहे, सध्या स्वतः बसवत नाही, पण लोकांची कोटेशनं वाचून देतो. एकदम सगळं सांगत नाही, आधी एकच सांगतो, पॅनेलच्या नगांचा गुणाकार करा.

५ गुणिले ५४० म्हणजे २,७०० वॅट. म्हणजे अ ची सिस्टीम २.७ किलोवॅटची आहे, ३ ची नाही. ३ आहे तो इन्व्हर्टर. इन्व्हर्टर मोठा लावला म्हणून वीज जास्त तयार होत नाही, वीज पॅनेलवर होते. आणि सबसिडी मोजताना पॅनेलची एकूण क्षमता आणि इन्व्हर्टरची क्षमता यातली जी कमी असेल ती धरतात. पहिल्या दोन किलोवॅटला ३०,००० प्रत्येकी, त्यापुढच्या एका किलोवॅटपर्यंत १८,००० च्या दराने, जास्तीत जास्त ७८,०००. तर अ ला २.७ धरले की ६०,००० अधिक ०.७ गुणिले १८,०००, म्हणजे १२,६००. एकूण ७२,६००. कोटेशनवर ७८,००० लिहून तुम्हाला ५,४०० चं गाजर दाखवलंय.

ब मध्ये पॅनेल ३.२४ आणि इन्व्हर्टर ३, कमी ते ३, सबसिडी पूर्ण ७८,०००. पॅनेल इन्व्हर्टरपेक्षा थोडं जास्त असणं चांगलंच, कारण गोव्यातल्या उन्हात आणि गरम छतावर ५४० चं पॅनेल ५४० क्वचितच देतं.

तारमास्तर
आणि प्रसादबाब, एएलएमएम आणि डीसीआर एक नव्हे. एएलएमएमच्या पॅनेल यादीत असलेलं पॅनेल इथं जोडलेलं असतं पण त्यातला सेल बाहेरून आलेला असू शकतो. सूर्यघरच्या सबसिडीला सेलही इथंच बनलेला आणि पॅनेलही इथंच बनलेलं लागतं, त्यालाच डीसीआर म्हणतात. तुमच्या शेजाऱ्यांचं एएलएमएम पण असेल आणि डीसीआर पण असेल, म्हणून त्यांना आली. एकाच कंपनीचं, एकाच वॅटचं पॅनेल दोन्ही प्रकारात मिळतं, डीसीआरचं महाग असतं. अ च्या कागदावर डीसीआर हा शब्दच नाही आणि सबसिडी मात्र वजा केलेली आहे. ही दोन वाक्यं एका कागदावर बसत नाहीत. डीसीआर नसेल तर सबसिडी ७२,६०० पण नाही, शून्य.

फोंड्याचो_प्रसाद
शेजाऱ्यांकडे जाऊन बघून आलो, त्यांच्या बिलावर डीसीआर लिहिलेलं आहे खरं. पण एक सांगा, वेंडर तोंडी म्हणत असेल डीसीआरच देतो तर?

तारमास्तर
तर लिहून दे म्हणायचं. कोटेशनवर पॅनेल कंपनी, मॉडेल नंबर, डीसीआर हा शब्द, आणि माल आला की टॅक्स इन्व्हॉइसवर प्रत्येक पॅनेलचा सिरियल नंबर. तेच नंबर पोर्टलवर चढवावे लागतात. पॅनेल वर चढवायच्या आधी प्रत्येकाच्या पाठीवरच्या स्टिकरचा फोटो काढा, एकदा स्ट्रक्चरवर बसलं की खाली वाकून वाचता येत नाही.

सावंतवाडी_एक्सप्रेस
आमच्याकडे महावितरणला युनिटचा दर बघितला तर तीन-चार वर्षांत पैसे वसूल होतात, त्यामुळे अ वाल्याने काही खोटं लिहिलेलं नाही. इतका विचार करू नका, लावून टाका, जितकं मोठं तितकं चांगलं.

अनघा_म
एक्सप्रेस, तुमचं महाराष्ट्रात बरोबर असेल पण इथं घरगुती वीज स्वस्त आहे, पहिल्या शंभर युनिटांना तर अगदी कमी दर. ८ रुपयांचा हिशेब गोव्यात कुठून आला? मये_तळें यांनी वरच लिहिलंय की २८० युनिटांचं बिल हजार-अकराशे येतं. जे बिलच हजार येतं त्यात महिन्याला २,४८० ची बचत कशी होणार?

मये_तळें
अरे देवा. हे साधं लक्षातच आलं नव्हतं. अनघाताई, धन्यवाद. मग खरा हिशेब कसा करायचा?

अनघा_म
मी आमच्या घरचा केला तसा सांगते, मी अकाउंट्सची आहे, वायरिंगमधलं मला कळत नाही. वर्षाची बारा बिलं समोर घ्या. प्रत्येक बिलात फिक्स्ड चार्ज वेगळा दिलेला असतो, तो सोलर घातलं तरी जात नाही, तो बाजूला काढा. उरलेली रक्कम ही तुमची जास्तीत जास्त बचत. तुमचं वर्षाचं बिल समजा बारा-साडेबारा हजार, त्यातून फिक्स्ड गेला, की उरले साधारण अकरा हजार. ब ची निव्वळ किंमत २,०१,००० वजा ७८,०००, म्हणजे १,२३,०००. भागिले अकरा हजार, अकरा वर्षांच्या वर. दर वाढत गेले तर थोडं आधी. तीन वर्षं अजिबात नाही.

वाईट वाटून घेऊ नका, पॅनेल त्यापेक्षा बरीच जास्त वर्षं चालतं, आणि बँकेत पैसे ठेवून मिळणारं व्याजही तुलनेला घ्या. पण घरात एसी वाढणार असेल, इंडक्शन, इलेक्ट्रिक स्कूटर येणार असेल, तर वापर वरच्या स्लॅबात जातो आणि तिथला युनिट महाग असतो, तेव्हा सोलर लवकर फिटतं. ज्यांचं बिल पाचशे युनिटांचं आहे त्यांचा हिशेब तुमच्यापेक्षा फार वेगळा येईल.

आणि जीएसटी बघा. अ ने १३.८ लावलाय. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या सामानावर १२ चा ५ टक्के झाला. सत्तर टक्के माल, तीस टक्के काम असं धरतात, म्हणून आधी सरासरी १३.८ पडायचा आणि आता ८.९. तोच माल नव्या दराने धरला तर १,७२,००० चे साधारण १,६४,६०० व्हायला हवेत. म्हणजे सात हजार चारशे जास्त. जुना नमुना कॉपी पेस्ट केला असणार, पण पैसे तुमचे जाणार.

फोंड्याचो_प्रसाद
मग अ ने जीएसटी दुरुस्त केला आणि डीसीआर लिहून दिलं, तर १,६४,६०० वजा ७२,६००, ९२,०००. वॅटचा दर काढला तर अ ६१ रुपये आणि ब ६२ रुपये. म्हणजे अ च स्वस्त ठरला की!

तारमास्तर
हिशेब बरोबर केलात. पण डीसीआर लिहून देताना अ चा भाव तोच राहतो का ते आधी बघा, माझा अनुभव असा की तिथंच भाव हलतो. शिवाय अ मध्ये मीटर आणि खात्याचे चार्जेस बाहेर आहेत. ॲज पर ॲक्च्युअल म्हणजे कोरा चेक, त्याच्या पुढे आकडा मागा.

एक मात्र अ च्या बाजूने बोलतो. २८० युनिटांच्या घराला २.७ किलोवॅट पुरतं. गोव्यात एका किलोवॅटला वर्षाची सरासरी काढली तर महिन्याला ११५ च्या आसपास युनिट धरा, २.७ ला ३१०, ३.२४ ला ३७०. जूनपासून ऑगस्टपर्यंत निम्म्यावर येतं, मार्च-एप्रिलला भरून निघतं. म्हणून एक्सप्रेस म्हणतायत तसं "मोठं तितकं चांगलं" इथं चालत नाही. जास्तीचे युनिट पुढच्या महिन्याच्या बिलात वळते होतात, पण आर्थिक वर्ष संपलं की उरलेल्या युनिटांचे पैसे तुम्ही ज्या भावाने वीज घेता त्या भावाने मिळत नाहीत. वापर वाढणार असेल तर सहावं पॅनेल घ्या, नसेल तर पाच पुरे. ते तुमच्या घरचं तुम्हीच ठरवा.

माडाखाली
माझा प्रश्न वेगळा आहे पण कोटेशनचाच आहे. आमच्या छताच्या कडेला दोन माड आहेत. वेंडर म्हणतो २५ वर्षं वॉरंटी आहे, काळजी नको. नारळ पडून काच फुटली तर वॉरंटीत येतं का?

सावंतवाडी_एक्सप्रेस
नारळ न्यूटनच्या वॉरंटीत येतो 😄

तारमास्तर
माडाखाली, नाही येत. आणि हाच वॉरंटीचा मुद्दा लोक सगळ्यात चुकीचा समजतात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पॅनेलला दोन वेगळ्या वॉरंट्या असतात. एक मालाची. काचेखाली पाणी शिरलं, पाठीमागचा थर सुटला, जंक्शन बॉक्स जळला, तर कंपनी बदलून देते, ही १२ वर्षांची वगैरे असते. दुसरी उत्पादनाची, तीच ती २५ वर्षं. तिचा अर्थ असा की पॅनेल हळूहळू म्हातारं होणार, पण ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने नाही. पर्कच्या पॅनेलला पहिल्या वर्षी दोन-अडीच टक्के आणि मग दरवर्षी अर्ध्या टक्क्याच्या आसपास घट धरलेली असते, २५ व्या वर्षी ८० ते ८५ टक्के उरतं. नव्या टॉपकॉनला घट याहून कमी असते. नेमके आकडे त्या मॉडेलच्या डेटाशीटवर असतात, डेटाशीट कोटेशनला जोडून मागा.

अ ने नुसतं "२५ वर्षं वॉरंटी" लिहिलंय, म्हणजे त्याने मोठा आकडा पुढे केला आणि कामाचा आकडा गिळला. कारण रोजच्या जगण्यात कामाला येते ती मालाची वॉरंटी. उत्पादनाची वॉरंटी मागायची तर घट झाल्याचं तुम्ही सिद्ध करायचं, पॅनेल उतरवून लॅबला पाठवायचं, आणि बहुतेक कंपन्या उतरवण्याचा, वाहतुकीचा, परत चढवण्याचा खर्च देत नाहीत. चार-पाच टक्के घट तर तुम्हाला कळतही नाही, ढगाळ महिना आला की तेवढा फरक पडतो. कळायचं असेल तर इन्व्हर्टरच्या ॲपमध्ये फेब्रुवारीची फेब्रुवारीशी तुलना करा, पॅनेल धुतल्यानंतर.

वॉरंटी कुठल्या तारखेपासून तेही विचारा, कारखान्यातून निघाल्यापासून की चालू झाल्यापासून. आणि सगळ्यात आधी बंद पडतो तो इन्व्हर्टर, पॅनेल नव्हे. अ च्या कागदावर इन्व्हर्टरची वॉरंटीच लिहिलेली नाही.

नारळ, माकड, वीज पडणं, वादळ हे कुठल्याच वॉरंटीत येत नाही. त्याला घराचा विमा, आणि त्यात सोलरचा उल्लेख करून घ्या. तुमच्या बाबतीत माडाची सावली हा नारळापेक्षा मोठा खर्च आहे. एका पॅनेलच्या कोपऱ्यावर झावळीची सावली पडली तरी त्या ओळीतली वीज कमी होते. वेंडरला सकाळी नऊला आणि दुपारी तीनला छतावर बोलवा, बाराला आला तर सावली दिसणारच नाही.

काणकोणची_शुभा
समुद्राकाठच्या लोकांसाठी माझंही वाचा. आमचं घर किनाऱ्यापासून चालत पाच मिनिटं. वेंडरने "जीआय स्ट्रक्चर" लिहिलं होतं, आला तो जीआयचे पाइप घेऊन आला आणि छतावरच कापून वेल्डिंग करून त्याच्यावर सिल्व्हर रंग मारला. वेल्डिंगने त्या जागेवरचा जस्ताचा थर जळतो, दुसऱ्या पावसाळ्यात सगळ्या सांध्यांतून तांबडं पाणी गळायला लागलं, स्लॅबवर डाग. आता दर दिवाळीला घासून रंग मारावा लागतो. तक्रार केली तर म्हणाले स्ट्रक्चरची वॉरंटी एकच वर्ष होती. पॅनेल पंचवीस वर्षं आणि ज्याच्यावर ते उभं आहे ते एक वर्ष!

तारमास्तर
शुभाताईंचं सोन्यासारखं आहे. कोटेशनवर "जीआय" एवढंच असेल तर पुढे विचारा, कापून भोकं पाडून मग जस्तात बुडवलेलं आहे का, आणि जस्ताचा थर किती मायक्रॉन. ८० च्या आसपास असेल तर चांगलं. जागेवर वेल्डिंग नाही, फक्त नटबोल्ट, आणि नटबोल्ट स्टेनलेसचे. समुद्राजवळ असाल तर पॅनेलची खारट हवेची चाचणी झालेली आहे का तेही बघा, आणि कंपनीच्या मॅन्युअलमध्ये समुद्रापासून किती अंतराच्या आत वॉरंटी लागू नाही असं काही आहे का. मये_तळें, तुम्हाला डिचोलीत हा त्रास कमी, पण पाऊस आहेच.

घाटावरची_मनाली
नेट मीटरवर कुणीच बोललं नाही अजून. आमच्याकडे काय झालं सांगते. पॅनेल बसले, वेंडरने उत्साहात लगेच चालू करून दिलं, म्हणाला मीटर येईल आठवड्याने. मीटर बदलायला सव्वा महिना गेला. पुढचं बिल नेहमीच्या दीडपट. जुनं मीटर आत येणारी वीज आणि बाहेर जाणारी वीज यांत फरक करत नव्हतं, आम्ही खात्याला दिलेले युनिट पण आमच्याच नावावर वापर म्हणून मोजले गेले. ते पैसे परत मिळवायला फेऱ्या मारल्या, अजून पूर्ण मिटलेलं नाही.

मये_तळें
बापरे. म्हणजे मीटर बदलेपर्यंत बंद ठेवायचं?

तारमास्तर
हो, बंदच. चाचणीपुरतं थोडा वेळ चालू केलं तर ठीक. दोन्ही बाजूंनी मोजणारं मीटर बसून खात्याने तपासणी करून चालू झाल्याचा दाखला दिला की मगच. आणि सबसिडीही त्या दाखल्यानंतरच सरकते, पोर्टलवर तुमचं बँक खातं टाकलं की परस्पर तुमच्या खात्यात. म्हणून पैसे देण्याच्या अटी बघा. "माल आल्यावर ९० टक्के" लिहिलं असेल तर मीटरच्या कामाला वेंडरला घाई कशाला राहील? थोडी मोठी रक्कम मीटर बसेपर्यंत हातात ठेवा, दहा-पंधरा टक्के तरी.

ब ने सबसिडी वजा करून दाखवली नाही हे त्याच्या प्रामाणिकपणाचं लक्षण मानतो मी. कारण तुम्हाला वेंडरला द्यायचे आहेत पूर्ण २,०१,०००, सबसिडी नंतर येणार. अ च्या कागदावरचे ९४,००० बघून लोक तेवढीच सोय करतात आणि ऐनवेळी धावपळ होते.

आणि अ चं "१ वर्ष फ्री सर्व्हिस". सूर्यघर योजनेत नोंदणी असलेल्या वेंडरने ५ वर्षं देखभाल द्यायचीच आहे. जो एक वर्ष लिहितो त्याने एकतर योजनेची अट वाचलेली नाही किंवा तो नोंदणीकृत नाही. pmsuryaghar.gov.in वर वेंडरांची यादी आहे, त्यात नाव शोधा. नाव नसेल तर कोटेशन तिथंच बाजूला ठेवा.

सत्तरीचो_भट
माझी अडचण कोटेशनच्या आधीचीच आहे. घर आजोबांच्या नावावर, वीजबिलही आजोबांच्याच नावावर, आजोबा जाऊन पंधरा वर्षं झाली. घरात तीन भाऊबंद. वेंडर म्हणतो करून टाकू, बिल चालू आहे ना. सबसिडी कुणाच्या खात्यात येणार मग?

अनघा_म
भटजी, तसं करू नका. अर्ज ग्राहक क्रमांकाच्या नावाने होतो आणि बँक खातं त्या नावाशी जुळावं लागतं. आधी वीज खात्याच्या सबडिव्हिजनला बिलावरचं नाव बदलून घ्या. आमच्या मामांकडे हेच झालं, नाव बदलायला घरपट्टीची पावती आणि बाकीच्यांची ना हरकत लागली. तीन भाऊबंद असतील तर ना हरकत आत्ताच घ्या, छत सामाईक आहे, पॅनेल चढल्यावर वाद नको.

सत्तरीचो_भट
ना हरकत हाच तर मोठा प्रकल्प आहे. एक भाऊ मुंबईला, एक कुवेतला. बघतो. देव बरें करूं.

फोंड्याचो_प्रसाद
लोडचं काय? आमच्या जुन्या घराला मंजूर लोड २ किलोवॅट आहे, वेंडरने कोटेशनमध्ये "लोड वाढवणे" म्हणून वेगळी ओळ टाकलीय, सहा हजार.

तारमास्तर
२०२४ च्या केंद्राच्या सुधारित नियमांप्रमाणे १० किलोवॅटपर्यंतच्या घरगुती अर्जाला तांत्रिक व्यवहार्यता तपासणीशिवाय मान्यता धरली जाते, आणि त्याला लागेल तेवढा मंजूर लोड वीज कंपनीने, म्हणजे आपल्याकडे खात्याने, वाढवून द्यायचा असतो. तेव्हा सहा हजार कशाचे ते वेंडरला विचारा. खात्याच्या पावतीचे असतील तर पावती तुमच्या नावाने येईल, ती बघूनच द्या. फक्त लोड वाढला की फिक्स्ड चार्ज वाढतो, अनघाताईंच्या हिशेबात तेवढं धरा.

जोशीबुवा
आता कळलं. मग एक विचारतो, पावसात आमच्याकडे दिवसाआड लाइट जाते. हे सोलर घातलं तर लाइट गेल्यावर पंखे तरी चालतील ना?

घाटावरची_मनाली
नाही बुवा. लाइट गेली की हे पण बंद होतं, भर उन्हात सुद्धा. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला धक्का बसू नये म्हणून तसं केलेलं असतं. पंखे हवे असतील तर बॅटरीवाला हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, त्याचं कोटेशन वेगळं आणि बरंच महाग. आमच्याकडे जुना बॅटरी इन्व्हर्टर तसाच ठेवलाय.

जोशीबुवा
मग पाण्याचंच बरं.

मये_तळें
सगळ्यांचे मनापासून आभार. काल दोघांनाही सारखाच मेसेज पाठवला, पॅनेलचं मॉडेल आणि डीसीआर लिहून द्या, सिरियल नंबर इन्व्हॉइसवर हवेत, दोन्ही वॉरंट्या आणि इन्व्हर्टरची वेगळी लिहा, नेट मीटरचा खर्च आकड्यात द्या, जीएसटी ८.९ ने, आणि शेवटचे १५ टक्के मीटर बसल्यावर. वर तारमास्तर म्हणाले डीसीआर नसेल तर सबसिडी शून्य, त्यावरून एक ओळ मीच घातली: वेंडरने दिलेल्या मालामुळे किंवा वेंडरने चढवलेल्या कागदपत्रांमुळे सबसिडी नाकारली गेली तर तेवढी रक्कम वेंडर भरून देईल.

ब चं उत्तर आलं, बाकी सगळं मान्य, १५ ऐवजी १० टक्के म्हणतोय, आणि सबसिडीच्या ओळीत "सरकारकडून उशीर झाल्यास जबाबदारी नाही" असं जोडलंय. ते मला रास्त वाटतं. अ चा फोन आला, डीसीआर घातलं तर १,८९,००० होतील म्हणाला.

फोंड्याचो_प्रसाद
१,८९,००० पाच पॅनेलांना! म्हणजे वॅटला ७०.

तारमास्तर
म्हणजे पहिल्या भावात डीसीआर नव्हतंच. ब ला आणखी एक विचारा मये_तळें, ६ पॅनेल ऐवजी ५ घेतले तर किती. तुमचा वापर २८० आहे.

मये_तळें
विचारलं. १,७६,००० म्हणतोय, सबसिडी ७२,६०० धरली तर १,०३,४००. सहाव्या पॅनेलचे निव्वळ १९,६०० पडतात. बायको म्हणते पुढच्या वर्षी मुलाला स्कूटर घ्यायची ती इलेक्ट्रिकच घेऊ, मग सहा लागतील. मला अजून पाच पुरेसे वाटतात.

अनघा_म
पाच घेऊन नंतर एक वाढवायचा विचार असेल तर आत्ताच विचारून ठेवा. दुसऱ्यांदा अर्ज, परत तपासणी, आणि त्या एका पॅनेलला सबसिडी मिळेल की नाही हे ब कडून लेखी घ्या. स्ट्रक्चर मात्र आत्ताच सहाचं बनवून घ्या.

माडाखाली
स्ट्रक्चर सहाचं करण्याचे ब ने वेगळे किती सांगितले? आमचं पण तसंच करायचं आहे, एक माड तोडल्यावर.

मये_तळें
उद्या साइटवर येणार आहे, दुपारी तीनला बोलावलंय. विचारून इथंच टाकतो.